सोळा इंचांचं तोंड

नोव्हेंबर १९८४. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात, पेट्रोलियम पदार्थांचा साठा करणाऱ्या एका कंपनीच्या आवारात टोल्युईनची टाकी साफ करायची होती. रंगात मिसळायच्या थिनरचा जो उग्र वास नाकात बसतो, तो बऱ्याचदा या टोल्युईनचाच असतो. टाकी उभी, गोल. व्यास १० फूट, उंची २० फूट. आतला माल खराब झाल्याचं लक्षात आलं होतं, म्हणून ती रिकामी करून धुवायचं ठरलं. आत जायची वाट एकच, ती म्हणजे छतावरचं १६ इंचांचं गोल तोंड. खालच्या बाजूला सफाईसाठी एक दार पाडून घ्यायचं मालकाने ठरवलंही होतं, पण ते अजून व्हायचं होतं.

माल उपसून झाला तरी तळाशी दोन-तीन इंच गाळ आणि टोल्युईन राहिलंच. शिडी त्या तोंडातून जाईना, म्हणून अर्धा इंच जाडीचा दोर वर बांधून आत सोडला. पाठीवर सिलिंडर आणि तोंडावर मुखवटा असा श्वसनसंचही आणून ठेवलेला होता. पण २२ वर्षांचा कामगार दोराने आत गेला, तेव्हा तो संच त्याच्या अंगावर नव्हता. तो तळाशी कोसळला.

अग्निशमन दलाचे जवान आले. वरच्या तोंडातून बेशुद्ध माणूस काढणं जमेना, तेव्हा टाकीच्या अंगाला भगदाड पाडायचा निर्णय झाला. यांत्रिक करवत पत्र्यावर चालू लागली, ठिणग्या जागच्या जागी विझाव्यात म्हणून पाण्याचा मारा चालू होता. तरीही टाकीचा स्फोट झाला. ३२ वर्षांचा एक जवान ठार झाला, १५ जण जखमी झाले. आतला कामगारही वाचला नाही.

कामगारांच्या सुरक्षिततेवर संशोधन करणाऱ्या ‘नायोश’ या अमेरिकी सरकारी संस्थेने १९८६ मध्ये बंदिस्त जागांविषयी एक इशारापत्रक काढलं. त्यात ही घटना नोंदलेली आहे. आपल्याकडे टाकीत गुदमरल्याच्या बातम्या येतात तेव्हा ‘विषारी वायूचा अंदाज आला नाही’ असं एक वाक्य हमखास असतं. फिनिक्समध्ये अंदाज न येण्यासारखं काहीच नव्हतं. टाकीत काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं, श्वसनसंच हाताशी होता, आलेले जवान प्रशिक्षित होते. म्हणूनच ही घटना बारकाईने पाहण्यासारखी आहे. टाकीत माणूस उतरवण्यापूर्वी गॅसची तपासणी, प्रवेशाचं परमिट आणि सुटकेची तयारी अशा तीन गोष्टी लागतात. त्या एकमेकींत कशा अडकलेल्या आहेत, ते या एका टाकीवरून नीट कळतं.

रिकामी म्हणजे किती रिकामी?

टाकी ‘रिकामी’ झाली असं आपण म्हणतो ते पंपाच्या हिशेबाने. पंप कोरडा ओढायला लागला की आपलं काम संपतं. वाफेचा हिशेब मात्र तिथून सुरू होतो.

फिनिक्सच्या टाकीचंच गणित करून पाहू. १० फूट व्यास आणि २० फूट उंची म्हणजे आतली जागा सुमारे ४४ घनमीटर. तळाशी अडीच इंच थर राहिला असं धरलं, तर तो साडेचारशे लिटरच्या घरात जातो. त्यात गाळही होता, तेव्हा निव्वळ टोल्युईन कमी असेल. तरी शेकडो लिटरचा मामला आहे. आता उलट बाजूने विचारू की माणसाला धोका व्हायला यातलं किती उडून जावं लागतं?

हवेच्या दहा लाख भागांमागे अमुक भाग वाफ, या मापाला पीपीएम म्हणतात. टोल्युईनचं प्रमाण ५०० पीपीएमवर गेलं की ती हवा ‘जीवाला व आरोग्याला तात्काळ धोकादायक’ या गटात मोडते. म्हणजे श्वसनसंचाशिवाय तिथे थांबायचंच नाही. ४४ घनमीटरच्या टाकीत ही पातळी गाठायला अवघं १०० मिलिलिटर टोल्युईन पुरतं, टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासात मावेल एवढं. आणि दोन-सव्वादोन लिटर उडालं की टाकीतली सगळी हवा पेट घेण्याच्या पातळीला पोहोचते. तळाशी होतं ते याच्या कित्येक पट.

ही वाफ हवेपेक्षा तिपटीने जड असते. ती वरच्या तोंडातून आपसूक निघून जात नाही, तळाशी बसून राहते. वीस-पंचवीस अंश तापमानात बंद टाकीच्या तळाशी ती साचत साचत हवेच्या तीन टक्क्यांच्या आसपास जाते. तीन टक्के म्हणजे ३०,००० पीपीएम, धोक्याच्या त्या पातळीच्या साठपट. टोल्युईन मेंदूवर गुंगीच्या औषधासारखं काम करतं. थोड्या प्रमाणात डोकं दुखतं, गरगरतं, चाल अडखळते, बोलणं जड होतं. एवढ्या प्रमाणात मात्र या पायऱ्या एकेक करून यायला वेळच मिळत नाही. ‘गरगरायला लागलं तर वर येईन’ हा विचार इथे कामाचा नाही, कारण जो वर येण्याचा निर्णय घेणार तो मेंदूच आधी मंदावतो. शिवाय वर यायला हाताने धरून चढायचा दोर होता. शुद्ध हरपू लागली की पहिली सुटते ती हाताची पकड.

नाकावर विसंबणंही इथे धोक्याचं. टोल्युईनचा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो, पण काही वेळाने नाक त्याला सरावतं. वास कमी झाला म्हणजे वाफ कमी झाली, असं नाही.

मीटर कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो?

गॅसची तपासणी म्हटलं की डोळ्यांसमोर एक छोटं यंत्र येतं, ते मॅनहोलशी धरलं, हिरवा दिवा लागला, ‘ओके’. प्रत्यक्षात तपासणीत तीन वेगवेगळे प्रश्न असतात, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिला प्रश्न प्राणवायूचा. साध्या हवेत तो २०.९ टक्के असतो, आणि १९.५ टक्क्यांच्या खाली गेला तर आत जायचं नाही असा सर्वसाधारण दंडक आहे. फिनिक्सच्या टाकीच्या तळाशी तीन टक्के वाफ होती असं धरा. वाफेने जेवढी हवा बाजूला सारली तेवढाच प्राणवायू कमी होणार. म्हणजे मीटरवर २०.३ टक्के दिसलं असतं. नियमाच्या दृष्टीने उत्तम! प्राणवायूचा आकडा चांगला, आणि त्याच हवेत साठपट विष.

दुसरा प्रश्न पेट घेण्याचा. हवेत वाफेचं प्रमाण एका किमान पातळीच्या वर गेल्याशिवाय ती पेटत नाही. कारखान्यात या पातळीला ‘एलईएल’ म्हणतात. टोल्युईनसाठी ती हवेच्या १.१ टक्के आहे. मीटर या पातळीला १०० मानून टक्केवारी दाखवतो, आणि १० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर काम थांबवायचं ही प्रचलित मर्यादा आहे. आता याचं पीपीएममध्ये रूपांतर करा. १.१ टक्के म्हणजे ११,००० पीपीएम. त्याचे १० टक्के म्हणजे १,१०० पीपीएम. आगीच्या हिशेबाने जो आकडा ‘चालेल’, तो श्वासाच्या हिशेबाने तात्काळ धोक्याच्या दुपटीहून जास्त आहे. आठ तासांच्या पाळीसाठी टोल्युईनची मर्यादा आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात १०० पीपीएम होती. एलईएल मीटरवर तेवढ्या वाफेला जेमतेम एक टक्का दिसेल. म्हणजे शून्य आणि एक यांच्यामधली थरथर. तीही यंत्र अचूक असेल तर. अशी बहुतेक यंत्रं मिथेनसारख्या हलक्या वायूवर जुळवलेली असतात आणि टोल्युईनसारख्या जड वाफेला खऱ्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतात.

म्हणून तिसरा प्रश्न वेगळा विचारावाच लागतो, तो म्हणजे आत असलेल्या त्या विशिष्ट पदार्थाचं प्रमाण किती पीपीएम आहे? त्यासाठी पीपीएममध्ये मोजणारं यंत्र लागतं, किंवा हवा ओढल्यावर रंग बदलणारी काचेची नळी. चार वायूंचे जे मीटर आपल्याकडे सर्रास कंबरेला लावलेले दिसतात, ते प्राणवायू, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड मोजतात. सांडपाण्याच्या टाकीसाठी ते बरोबर आहेत. टोल्युईन श्वासाला किती बाधेल, याबद्दल ते काही सांगत नाहीत.

या प्रश्नांचा क्रमही ठरलेला आहे. प्राणवायू आधी, कारण ज्वलनशील वायूचं नेहमीचं सेन्सर आत आलेली वाफ जाळून मोजतं आणि जाळायला प्राणवायू लागतो. नायट्रोजन भरलेल्या टाकीत प्राणवायूच नसेल, तर तो मीटर धोका असूनही शून्य दाखवेल.

मोजायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. मॅनहोलच्या तोंडाशी मोजलेली हवा मॅनहोलची. माणूस काम करणार तळाशी. लांब नळी सोडून वर, मध्ये आणि तळाशी असं टप्प्याटप्प्याने मोजावं लागतं, आणि नळीतून हवा यंत्रापर्यंत यायला वेळ लागतो, तेवढं थांबावं लागतं. घाईत नळी खाली सोडून लगेच वर ओढली, तर आकडा मधल्याच कुठल्यातरी हवेचा येतो.

एवढं सगळं बरोबर केलं तरी तो आकडा त्या क्षणाचा असतो. गाळाच्या वर कातडीसारखा थर धरलेला असतो; फावडं लागलं की तो फुटतो आणि खाली अडकलेली वाफ मोकळी होते. सकाळी नऊ वाजता शून्य दाखवणारी टाकी साफसफाई सुरू झाल्यावर साडेनऊला वेगळीच असते. म्हणून गाळ असताना माणूस आत असेतोवर मीटर त्याच्या अंगावर चालूच राहायला हवा. त्याहून बरं म्हणजे गाळ शक्य तितका बाहेरूनच काढायचा. टोल्युईन पाण्यावर तरंगतं, त्यामुळे टाकीत पाणी सोडून वर आलेला थर काढून घेता येतो. मग ठिणगी न पाडणाऱ्या ब्लोअरने तळातली हवा ओढून बाहेर सुरक्षित जागी सोडायची, आणि त्यानंतर मोजायचं. थर तळाशी ठेवून नुसता ब्लोअर चालवला, तर जेवढी वाफ बाहेर जाते तेवढी खालून नवी येत राहते.

परमिट : प्रश्नपत्रिका की हजेरीपट?

आपल्याकडे या विषयावर कायदा नाही असं नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३६ नेमकं याच प्रसंगासाठी लिहिलं गेलं. टाकी, हौद, खड्डा, पाईप अशा बंदिस्त जागेत घातक वायू किंवा वाफ असण्याची शक्यता असेल, तर पुरेशा मोठ्या मॅनहोलशिवाय किंवा बाहेर पडायच्या दुसऱ्या खात्रीच्या वाटेशिवाय तिथे कोणाला जाऊ द्यायचं नाही, ही त्यातली पहिली अट होती. आतला वायू काढून टाकण्याचे शक्य ते सगळे उपाय आधी करायचे, ही दुसरी. आणि मग दोनपैकी एक गोष्ट हवीच होती. एकतर सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या तपासणीच्या आधारावर जागा धोक्यापासून मुक्त असल्याचा लेखी दाखला द्यायचा. नाहीतर आत जाणाऱ्याने योग्य श्वसनसंच लावायचा, कंबरेच्या पट्ट्याला दोर बांधायचा आणि त्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या माणसाच्या हातात असायचं. आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टच्या वर नको, हेही पुढच्या कलमात होतं.

‘स्वतः केलेल्या’ हे शब्द महत्त्वाचे. रोजच्या कामात हा दाखला म्हणजेच परमिट. आणि परमिट बिघडतं ते बहुधा इथेच. तपासणी एकाने केली, सही दुसऱ्याने, आणि तिसऱ्याने सकाळी कार्यालयात बसून चार टाक्यांची चार परमिटं एकाच वेळी भरून ठेवली, असं झालं की कागद पूर्ण असतो आणि टाकी अनोळखी.

भरलेलं परमिट हातात घेऊन पाच मिनिटांत बऱ्याच गोष्टी कळतात. तपासणीच्या रकान्यात आकडा आहे की नुसतं ‘ओके’? आकडा असेल तर त्यापुढे वेळ आहे का? तो वर, मध्ये, तळाशी असा तीन ठिकाणचा आहे, की एकच? मालाचं नाव लिहिलंय, की ‘केमिकल’? टाकीला जोडलेल्या पाईपांबद्दल ‘व्हॉल्व्ह बंद’ एवढंच लिहिलं असेल तर ते पुरेसं नाही. व्हॉल्व्ह गळतात, आणि कोणीतरी चुकून उघडतंही. पाईप सोडवून त्यात पत्र्याची चकती, म्हणजे ब्लाइंड, टाकली आहे आणि ती कुठे कुठे टाकली आहे, हे लिहिलेलं हवं. परमिटची मुदत एका पाळीपुरती असते. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर आले असतील, तर परत आत जाताना नवी तपासणी आणि नवा आकडा हवा. दुपारच्या उन्हात पत्रा तापला की वाफ वाढते. सकाळच्या सहीला ते माहीत नसतं.

अमेरिकेत बंदिस्त जागेतल्या कामासाठी असा परवाना सक्तीचा करणारा स्वतंत्र नियम १९९३ मध्ये आला, फिनिक्सनंतर आठ वर्षांहून थोड्या जास्त काळाने. त्यात परमिटवर आणखी दोन नावं मागितली. आत कोण जाणार आणि बाहेर कोण थांबणार.

हा बाहेर थांबणारा माणूस आपल्याकडे सर्वांत स्वस्त समजला जातो. ठेकेदाराकडे चार माणसं असतील, तर मॅनहोलवर बसवायचा तो नवखा हेल्पर. पाना आणायला त्यालाच पाठवायचं, चहा सांगायला तोच जाणार. खरं तर त्याचं काम एकच, पण ते सोडून हलायचं नाही असं. आत कितीजण आहेत हे त्याला माहीत हवं, त्यांच्याशी बोलत राहायचं, उत्तर उशिरा आलं किंवा विसंगत आलं तर लगेच बाहेर बोलवायचं. आतला माणूस विनाकारण हसायला लागला, तेच तेच विचारू लागला, किंवा ‘झालंच, दोन मिनिटं’ म्हणत राहिला, तर ती टोल्युईनची सुरुवात असू शकते. आणि काहीही झालं तरी या माणसाने आत जायचं नाही. तो आत गेला की बाहेर कोणीच उरत नाही.

आत उतरायच्या आधी बाहेर काढायचं कसं?

‘नायोश’च्या त्याच इशारापत्रकातला एक आकडा आजही सुरक्षा प्रशिक्षणात सांगितला जातो. बंदिस्त जागांत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त माणसं दुसऱ्याला वाचवायला गेलेली होती. याचं कारण बेपर्वाई नव्हे. वरून पाहणाऱ्याला फक्त एवढंच दिसतं की आपला माणूस पडला. पाय घसरला असेल, चक्कर आली असेल, छातीत कळ आली असेल. अंतर दिसायला थोडंच असतं, हाक मारली तर ऐकू जाईल एवढं. ‘मी उतरतो, तू दोर धर’ म्हणत दुसरा जातो, आणि पहिल्याला ज्या हवेने पाडलं तीच हवा त्यालाही पाडते. दोन-तीन-चार माणसं एकाच टाकीत गेल्याच्या बातम्या अशाच घडतात.

म्हणून सुटकेचा पहिला नियम असा की सुटका आत न जाता करता आली पाहिजे. यासाठी आत जाणाऱ्याच्या अंगावर खांदे आणि मांड्यांतून घेतलेला पूर्ण हार्नेस असतो, दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर कडी असते, तिला दोर, आणि दोर वर तिवईवरच्या हातचक्राला. कडी पाठीवर उंच असल्यामुळे बेशुद्ध माणूस उभाच्या उभा वर येतो. नुसत्या कंबरपट्ट्याने ओढलं तर शरीर मध्ये दुमडतं आणि तोंडात अडकतं. अमेरिकी नियमानुसार ५ फुटांपेक्षा खोल उभ्या जागेत हातचक्रासारखं यांत्रिक साधन हवंच. निर्जीवपणे लोंबकळणारा साठ-सत्तर किलोंचा माणूस नुसत्या हातांनी २० फूट ओढता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

आता फिनिक्सच्या त्या तोंडाकडे पाहा. १६ इंच म्हणजे ४० सेंटिमीटर आणि थोडं. दंडांसकट मोजलेली मोठ्या पुरुषाच्या खांद्यांची रुंदी बहुधा याहून जास्तच भरते. शुद्धीतला माणूस एक हात वर, एक खाली करून, अंग तिरकं करून आत सरकेल. बेशुद्ध माणूस अंग तिरकं करत नाही. अशा अरुंद तोंडासाठी मनगटाचे पट्टे वापरतात. त्यांनी ओढलं की हात डोक्यावर जातात, खांदे आवळतात आणि अंग बारीक होऊन निघतं. पण ते पट्टे आत जाण्याआधी बांधलेले असावे लागतात. आणि पाठीवर सिलिंडर घेऊन तर असल्या तोंडातून जाणंच मुश्कील. हाताशी असलेला संच अंगावर का नव्हता, याचा विचार करताना हे माप विसरून चालणार नाही. अशा जागी लांब नळीने बाहेरून हवा येते तो एअरलाइन मुखवटा आणि कंबरेला निसटण्यापुरती छोटी बाटली, हे जास्त जमणारं असतं. वाफ गाळणारा काडतुसाचा मुखवटा मात्र इथे चालत नाही. एवढ्या प्रमाणात त्याची क्षमता पुरत नाही, आणि प्राणवायू तर तो देतच नाही.

कायद्यातलं ‘पुरेशा मोठ्या मॅनहोल’चं वाक्य इथे लागू पडतं. आत जाता येतं म्हणून तोंड पुरेसं ठरत नाही. श्वसनसंचासह बेशुद्ध माणूस बाहेर काढता आला तर ते पुरेसं. या कसोटीवर ती टाकी आत उतरण्याजोगी नव्हतीच. खालचं दार होईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि तेही पाणी भरून, वाफ काढून, मोजून झाल्यावरच कापायला हवं होतं.

तयारी आधी झाली नाही, म्हणून जवानांपुढे सगळेच पर्याय वाईट होते. वरून काढता येत नाही. टाकीत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड भरला तर स्फोट टळेल, पण आतला माणूस जिवंत असेल तर त्याने गुदमरेल. पत्रा कापला तर ठिणगी उडणार. टोल्युईनची वाफ हवेत १.१ ते ७.१ टक्के असते तोवर ती पेटू शकते. तळाशी साचते ती तीनच्या आसपास, म्हणजे या पट्ट्याच्या आत. पाण्याच्या फवाऱ्याने बाहेरच्या ठिणग्या विझतात. पातं पत्रा भेदून आत गेल्यावर आतल्या बाजूचं काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्याकडे अशा वेळी आणखी एक घातक उपाय कोणीतरी सुचवतं, तो म्हणजे वेल्डिंगचा ऑक्सिजन सिलिंडर आत सोडायचा. ज्वलनशील वाफेत जादा प्राणवायू म्हणजे ठिणगीला आमंत्रण. सोडायची ती साधी हवा, तीही ठिणगी न पाडणाऱ्या ब्लोअरने, टाकीपासून दूरची स्वच्छ हवा ओढून.

माणूस बाहेर आला की मोकळ्या हवेत न्यायचं, भिजलेले कपडे काढायचे, श्वास पाहायचा, थांबला असेल तर छातीवर दाब द्यायला लागायचं. रुग्णालयात पोहोचताना मालाचं नाव आणि त्याचं सुरक्षा माहितीपत्रक सोबत न्यायचं. ‘गॅस लागला’ एवढ्यावर डॉक्टरांना फारसं काही ठरवता येत नाही. हायड्रोजन सल्फाइडने पडलेला आणि टोल्युईनने पडलेला, दोघे बाहेरून सारखेच दिसतात.

उलट्या क्रमाने

टोल्युईन ही काही फक्त अमेरिकेची गोष्ट नाही. रंग, छपाईची शाई, चिकटद्रव्यं, औषधं बनवणाऱ्या कारखान्यांत, म्हणजे आपल्या कितीतरी औद्योगिक वसाहतींत, ते टाक्यांमध्ये आणि पिंपांमध्ये आहे. टाकी साफ करायला उतरतो तो बहुतेक वेळा ठेकेदाराचा माणूस, जो उद्या दुसऱ्या कारखान्यात दुसऱ्या टाकीत असतो. त्याला ‘जरा आत जाऊन ये रे, दोन मिनिटांचं काम आहे’ एवढ्याच शब्दांत सांगितलं जातं. १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात ४१-एच हे कलम आलं; घातक प्रक्रियांच्या कारखान्यात जीवाला तातडीचा धोका वाटला तर कामगार तो थेट किंवा सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधीमार्फत व्यवस्थापनाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या कानावर घालू शकत होता, आणि धोका आहे असं दिसलं तर व्यवस्थापकाने लगेच उपाय करायचा होता. पण कानावर घालायला नेमकं काय घालायचं, हे माहीत असावं लागतं.

ते फार नाही. फक्त परमिटचा फॉर्म ज्या क्रमाने छापलेला असतो, त्याच्या उलट्या क्रमाने वाचायचा. फॉर्मवर आधी काम, मग तपासणी, मग सह्या, आणि सुटकेची तयारी तळाशी एका ओळीत. तिथे बऱ्याचदा ‘ॲम्ब्युलन्स उपलब्ध’ एवढंच लिहिलेलं असतं. विचारायचं मात्र तिथून. मी आत बेशुद्ध पडलो तर कोणीही आत न येता मला याच तोंडातून बाहेर काढून दाखवाल का? तिवई उभी करून, एक माणूस अंग सैल सोडून, एकदा वर ओढून दाखवा. अमेरिकी नियमात सुटका पथकाने वर्षातून किमान एकदा असा सराव करायचा असतो. इथे या टाकीवर कधी झाला? बाहेर कोण थांबणार, आणि त्याला दुसरं काम नाही ना? तळाशी मोजलेला आकडा किती, कोणत्या मालाचा, किती वाजताचा? आणि सगळ्यात शेवटी : हा गाळ बाहेरून काढता येणार नाही, हे कोणी तपासलं?

पहिल्याच प्रश्नाला उत्तर ‘नाही’ आलं, तर पुढचे आकडे कितीही चांगले असले तरी परमिटवर सही होता कामा नये. मीटर चुकू शकतो, गाळ फुटू शकतो, व्हॉल्व्ह गळू शकतो, आणि या सगळ्यानंतरही माणूस जिवंत बाहेर येण्याची शक्यता उरते ती सुटकेची सोय आधीच केलेली असेल तरच. नसेल, तर त्या दिवशी करायचं काम टाकी धुण्याचं नाही, टाकीला खालून दार पाडण्याचं आहे, तेही पाणी भरून, वाफ काढून आणि मोजून झाल्यावर.